दिवा, पृथ्वीगोल आणि पुण्यावरची काडी

(पुण्यात पालक आणि प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पुण्यात भर दुपार असताना न्यू जर्सीतली आत्या झोपलेली का असते, हे मुलाला दाखवायचं तर दिवा आणि पृथ्वीगोल घ्यायचा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. घोटाळा होतो तो मांडणीत, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

टेबल लॅम्प किंवा टॉर्च नको. टॉर्चचा झोत गोलावर एक प्रकाशाचा ठिपका पाडतो आणि मूल त्या ठिपक्यालाच ‘दिवस’ समजतं. होल्डरमध्ये बसवलेला, शेड नसलेला, दुधी रंगाचा 9 वॅटचा साधा एलईडी बल्ब पुरतो. तो गोलाच्या मध्याच्या उंचीवर असावा. खालीवर झाला तर एकाच ध्रुवाला उजेड मिळतो.

अंतराकडे मात्र नीट लक्ष द्या. शाळेतला गोल साधारण 20 सेंटीमीटर व्यासाचा असतो. त्याच्या केंद्रापासून 30 सेंटीमीटरवर बल्ब धरला तर गोलाचा जेमतेम एक तृतीयांश भाग उजळतो. मग मूल विचारतं, ‘रात्र दिवसापेक्षा इतकी मोठी का?’ प्रश्न अगदी बरोबर आहे, मांडणी चुकलेली आहे. बल्ब दीड मीटरवर नेला की जवळजवळ अर्धा गोल उजळतो. खोलीत अंधार हवा आणि गोलामागे गडद चादर. पांढऱ्या भिंतीवरून परतणारा उजेड रात्रीच्या बाजूवर पडतो आणि रेघ पुसट होते.

गोलाचा आस साडेतेवीस अंश कललेला असतो. तो कल दिव्याकडे किंवा दिव्यापासून दूर नको, आडवा ठेवा. उजेड-अंधाराची रेघ दोन्ही ध्रुवांवरून गेली की मांडणी जमली. ही 22 सप्टेंबरच्या आसपासची स्थिती. ऋतू दुसऱ्या दिवशी शिकवा, एका बैठकीत दोन्ही नकोत.

आता पुण्यावर पोस्टकार्डाचा चार सेंटीमीटरचा चौकोन दुहेरी टेपने चिकटवा आणि त्याच्या मधोमध आगकाडीचा दीड सेंटीमीटरचा तुकडा उभा करा. काडीची गुलाची बाजू आधी मोडून टाका. चौकोनावर ‘पू’ आणि ‘प’ लिहा. न्यू जर्सीवर लाल टिकली लावा. मूल दिव्याच्या बाजूने नव्हे, काटकोनातून बघेल असं बसवा, म्हणजे त्याला दोन्ही अर्धे एकदम दिसतील.

गोल पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवायचा, म्हणजे उत्तर ध्रुवावरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट. हात हमखास उलटा जातो. त्याची खूण सोपी: कोलकाता पुण्याच्या आधी उजेडात यायला हवं. दोन्हींत साडेचौदा रेखांशांचं अंतर आहे, म्हणून तिथला सूर्य सुमारे तासभर आधी उगवतो. पुणं आधी उजळलं तर दिशा चुकली.

सावकाश फिरवत पुणं उजेडात आणा. काडीची लांब सावली ‘प’कडे पडते: ही पुण्याची सकाळ. पुढे सावली आखडत जाते आणि पुणं दिव्यासमोर आलं की उत्तरेकडे जेमतेम अर्धा सेंटीमीटर उरते. इथे थांबा आणि मुलाला म्हणा, ‘बाळा, आता लाल टिकली शोध.’ ती मागच्या बाजूला अंधारात सापडते. पुण्यापासून पश्चिमेला 148 अंश मोजले की न्यू जर्सी. दर 15 अंशांना एक तास, म्हणजे जवळजवळ दहा तास मागे. इथे सूर्य डोक्यावर, तिथे सूर्याच्या हिशेबाने रात्रीचे दोन वाजून गेलेले.

आत्याला फोन केला तर ती मात्र ‘तीन वाजलेत गं’ म्हणेल. प्रयोग चुकलेला नसतो. सप्टेंबरात तिथली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात आणि आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं असल्याने पुण्यातली सूर्याची दुपार साडेबाराच्या सुमाराला होते. गोल सूर्याची वेळ दाखवतो, घड्याळाची नाही. लहान मुलापुढे हा हिशेब काढू नका, पण तुम्हाला तो यायला हवा.

पुढे पाव फेरी फिरवा. पुणं संध्याकाळच्या रेघेवर येतं, सावली ‘पू’कडे लांबते, आणि टिकली उजेडात, तिथे सकाळचे आठ. गोलावर ही रेघ धारदार दिसते. खरी पृथ्वी हवेने वेढलेली असल्याने पुण्यात सूर्य मावळल्यावरही वीसेक मिनिटं चांगला उजेड राहतो.

एखादं मूल म्हणेल, ‘गोल तसाच ठेवून दिवाच फिरवला तर?’ करून बघू द्या. दिवसरात्र अगदी तशीच होते! म्हणजे या प्रयोगाने पृथ्वी फिरते हे सिद्ध होत नाही, फक्त फिरत असेल तर काय दिसेल ते कळतं, आणि तसं मुलाला सांगावं. आर्यभटांनी पुढे चाललेल्या नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, हा दाखला दिला होता. पृथ्वी खरोखर फिरते हे खोलीत बसून दाखवायला 1851 साली फुकोने पॅरिसमध्ये लांबलचक लंबक टांगला. त्याचं झुलण्याचं प्रतल तासातासाला वळताना दिसत होतं.