पहिला दिवस, भोसरी

सकाळचे आठ. भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपच्या दारात डिप्लोमाची सहा मुलं उभी आहेत. पायात नवे कोरे सेफ्टी शूज. एकाने घरून हातमोजेही आणलेत. स्वागताला हार नाही, भाषण नाही, शॉपचे सुपरवायझर काका चहाचा कप ठेवून येतात आणि पहिलंच वाक्य टाकतात, "या, या. मोजे आधी खिशात घाला."

मुलं गोंधळतात. मोजे तर सुरक्षेसाठी ना? काका लेथकडे नेतात. "पत्रा उचलताना घाला, चिप्स काढताना हुक वापरा. पण तुकडा पकडून फिरवणारा हा चक चालू असताना मोजा नको. एक दोरा अडकला तर मागोमाग हात जातो. अंगठी, कडं, लांब बाही, तेच." मग चकची चावी दाखवतात. चावी चकमध्ये आहे तोवर हात चावीवरच. चावी तशीच ठेवून कुणी मशीन चालू केलं, तर ती गोळीसारखी सुटते.

एवढं झालं की काकांचा चेहरा खुलतो. आता त्यांच्या आवडीचा विषय.

टेबलावर एक जॉब आहे, लेथवर कापलेली पोलादी पिन. ड्रॉइंगमध्ये व्यास ५० मिलिमीटर. जास्त अजिबात नको, कमी फार तर ०.०२५. "मागच्या बॅचच्या एका पोराने ही काढली. लेथवरच मोजली, ४९.९८ आली. पोरगं खूश. तासाभराने तपासणीत ४९.९६. रिजेक्ट!"

मायक्रोमीटर चुकला का? नाही. झीरो सकाळीच तपासला होता. एक मुलगी हळूच विचारते, "काका, जॉब गरम होता का?"

काका तिच्याकडे बघून मान हलवतात. पोलादाची पन्नासची पिन ३५ अंशांनी थंड झाली की साधारण ०.०२ ने आक्रसते. नुकताच कापलेला, कुलंट कमी पडलेला जॉब साठ अंशांवर सहज जातो. ०.०२५ च्या मर्यादेत ०.०२ एकट्या उष्णतेने खाल्ले, तर उरलं काय? म्हणूनच मोजमापाचं जागतिक प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरलेलं आहे. पुण्याच्या मे महिन्यात शॉपमध्ये ते कुठून मिळायचं, हा भाग वेगळा.

मग करायचं काय? रफ कट घेऊन थोडं मटेरियल ठेवायचं, जॉब थंड होऊ द्यायचा आणि मग फिनिश कट. "मोठा राहिला तर परत लावता येतो. लहान झाला की भंगार."

दुपारी त्या मुलीने काढलेली पहिली पिन टेबलावर पडून आहे. ती तिला हात लावून बघते, मग शेजारच्या लोखंडी टेबलाला. अजून कोमट आहे. मायक्रोमीटर ती परत डबीत ठेवते.