वजन बागेत, पैसे आठ दिवसांत

जळगाव जिल्ह्यातला रावेर तालुका. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा. इथे एखादी शेतकरी उत्पादक कंपनी आहे असं समजू. कार्यालयाच्या भिंतीवर तिचं मिशन लावलेलं आहे: ‘गुणवत्ता, नावीन्य आणि शाश्वततेच्या माध्यमातून सर्व घटकांसाठी मूल्यनिर्मिती करणारी अग्रगण्य संस्था बनणे.’

हेच वाक्य जळगावच्या डाळ मिलच्या दारावर लावा. धुळ्यातल्या कापडाच्या दुकानात लावा. कुठेही ते खटकत नाही, कारण त्यात केळीही नाही आणि शेतकरीही नाही. आता त्यातला एकेक शब्द उलटा करून पाहा. ‘आम्ही निकृष्ट माल देऊ’ असं कोणती कंपनी म्हणेल? ज्याच्या उलट कुणीच बोलणार नाही, असा शब्द कंपनीला कुठलाच निर्णय घ्यायला लावत नाही.

मग नवं वाक्य आणायचं कुठून? सभासदांच्या तक्रारींतून. जाहीर भाव एक असतो, हातात दुसराच पडतो. वजनात कपात होते. माल गेला तरी पैसे येत नाहीत. या तक्रारी समोर ठेवल्या की मिशन असं लिहिता येतं: ‘रावेर परिसरातल्या सभासदांची केळी त्यांच्यासमोर बागेतच तोलून घेणे, प्रतवारी करून थेट बाहेरच्या खरेदीदाराला विकणे आणि आठ दिवसांत पैसे खात्यात जमा करणे.’

यातला ‘आठ दिवसांत’ हा शब्द सगळ्यात महाग आहे. खरेदीदार तीन आठवड्यांनी पैसे देत असेल, तर मधल्या दोन आठवड्यांची रक्कम कंपनीने स्वतः उभी करायला हवी. म्हणून लिहिण्याआधी मागच्या हंगामाची पेमेंटची वही उघडायची आणि माल उचलल्याची तारीख पैसे जमा झालेल्या तारखेशी लावून पाहायची. वहीत पंधरा दिवस दिसत असतील आणि भांडवलाची सोय नसेल, तर मिशनमध्येही पंधराच लिहायचे. न पाळता येणारा आकडा जुन्या गोड शब्दांपेक्षा वाईट, कारण सभासद तो दिवस मोजत बसतो.

मिशन हे रोजचं काम सांगतं, व्हिजन त्या कामाने काय बदलेल ते सांगतं: ‘२०३० पर्यंत आमच्या सभासदांची किमान निम्मी केळी कंपनीमार्फत विकली जाईल.’ हे वजनाच्या पावत्या सभासदांच्या एकूण उत्पादनाशी लावून तपासता येतं. भावाचा आकडा मात्र इथे घालू नये. तो बाजाराच्या हातात असतो, कंपनीच्या नाही.

खरी कसोटी पुढे लागते. एक व्यापारी क्विंटलमागे थोडा जास्त भाव देतो, पण महिनाभर उधारी मागतो. जुन्या वाक्यात हा सौदा सहज बसला असता. नव्या वाक्यापुढे संचालकांना ठरवावंच लागतं: सौदा नाकारायचा, की मधल्या पैशांची सोय करून तो घ्यायचा.

आणि मग वार्षिक सभेत कुणीतरी उठून म्हणतं, ‘त्यात जागतिक दर्जाची हेही टाका ना.’ तेव्हा त्यांनाच विचारावं: हा शब्द घातल्यावर उद्या बागेतल्या काट्यावर किंवा पेमेंटच्या वहीत काय बदलेल? उत्तर मिळालं, तर तो बदलच वाक्यात लिहावा.