तारीख एक सांगते, क्रियापद दुसरंच

(अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पडद्यावर एक रेझ्युमे लावलाय. नाव, फोन, कॉलेज काढून टाकलंय आणि जिचा आहे तिची परवानगी घेतलीये. कॉम्प्युटर शाखेची मुलगी. फेब्रुवारी 2025 मध्ये तिने मला हा पाठवला तेव्हा एक पान भरून दुसऱ्या पानावर पाच ओळी सांडल्या होत्या. स्पेलिंगची चूक एकही नाही. तरी वाचताना अडखळायला होतं.

प्रोजेक्टचा भाग बघा. शीर्षक ‘हॉस्टेल मेस मॅनेजमेंट सिस्टिम’, उजवीकडे ‘जुलै 2024 ते प्रेझेंट’. खाली चार ओळी. ‘डेव्हलप्ड लॉगिन मोड्यूल’. ‘द सिस्टिम विल जनरेट मंथली बिल्स’. ‘टेस्टिंग द ॲप विथ 40 स्टुडंट्स’. ‘डेटाबेस वॉज डिझाइन्ड इन मायएसक्यूएल’.

हसताय, म्हणजे ओळखीचं आहे. ‘विल’ची ओळ कुठून आली? सिनॉप्सिसमधून. सिनॉप्सिस लिहिला तेव्हा काहीच झालेलं नव्हतं, म्हणून सगळं भविष्यकाळात. ‘वॉज’ची ओळ ब्लॅक बुकमधली, तिथे ‘मी केलं’ म्हणायची सोय नसते. उरलेल्या दोन तिच्या स्वतःच्या. तीन ठिकाणांहून आणलेल्या ओळी एकाखाली एक बसवल्या की त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

झालेलं काम भूतकाळात, चालू असलेलं वर्तमानकाळात, हे तुम्हाला ठाऊक असतं. घोळ होतो तो अर्धवट झालेल्या प्रोजेक्टमध्ये. तिनेही हेच विचारलं, “सर, प्रोजेक्ट चालू आहे, मग सगळं वर्तमानकाळात लिहू?” मी म्हटलं, प्रोजेक्ट चालू आहे, पण लॉगिन अजून लिहितेस का? नाही. डेटाबेस? तो सप्टेंबरमध्येच झाला. बिलं? डिसेंबरपासून निघतायत. मग चालू काय आहे, तर फक्त टेस्टिंग. म्हणजे काळ प्रोजेक्टचा नाही, प्रत्येक ओळीतल्या कामाचा ठरतो. आता ओळी अशा झाल्या: ‘डिझाइन्ड’ने सुरू होणारी डेटाबेसची, ‘डेव्हलप्ड’ने लॉगिनची, ‘बिल्ट’ने बिलांची आणि शेवटी ‘करंटली टेस्टिंग’. आपोआप कामाचा क्रमही लागला. ‘वॉज’ गेल्याचा आणखी एक फायदा. चार जणांच्या ग्रुपमध्ये डेटाबेस ‘केला गेला’, तर तो केला कोणी? मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो.

आता इंटर्नशिप. तारीख ‘जून 2024 ते जुलै 2024’, आणि खाली ‘वर्क ऑन’, ‘हँडल’, ‘प्रिपेअर’. तारीख म्हणते संपली, क्रियापद म्हणतं अजून जाते. वाचणाऱ्याला कळत नाही की यातलं चुकलंय काय. म्हणून तपासताना सलग वाचू नका; सलग वाचलं की डोळा अर्थाच्या मागे धावतो. उजवीकडची तारीख वाचा, मग तिच्याखालच्या प्रत्येक ओळीचा फक्त पहिला शब्द वाचा. शेवटची तारीख उलटून गेली असेल तर पहिला शब्द भूतकाळी हवा. मे महिन्यात प्रोजेक्ट जमा कराल तेव्हा ‘प्रेझेंट’ आणि ‘करंटली’ दोन्ही एकाच बैठकीत बदला. एक बदलून दुसरं विसरणं हे फार होतं.

तारखांचं दुसरं दुखणं दिसण्याचं. हिच्याकडे एका ठिकाणी ‘जुलै 2024’, दुसरीकडे ‘06/24’, तिसरीकडे ‘2021-25’. कुठलीही पद्धत घ्या, पण एकच घ्या. मी महिना तीन अक्षरी आणि वर्ष चार आकडी लिहितो; शिक्षणाला फक्त वर्षं पुरतात. आणि या तारखा उजव्या कडेला एका रेषेत आहेत असं वाटतंय ना? आता वर्डमध्ये Ctrl+Shift+8 दाबतो. हे बघा, मुंग्यांची रांग. प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्पेस. तिने स्पेसबार दाबत दाबत तारीख कडेला नेलीये. आता Ctrl+A करून फॉन्ट बदलतो. झाल्या सगळ्या तारखा वाकड्यातिकड्या. स्पेसची रुंदी फॉन्टगणिक बदलते, म्हणून ही रेष खरी नसते.

उपाय दोन मिनिटांचा. पान ए-फोर, म्हणजे 21 सेंटिमीटर रुंद. दोन्ही समास 2 सेंटिमीटर ठेवले तर मजकुराला 17 उरतात. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये टॅब्ज उघडा, 17 सेंटिमीटरवर उजवा टॅब लावा, सगळ्या स्पेस काढा आणि तारखेआधी एकदाच टॅब दाबा. आता फॉन्ट बदला, तारीख हलत नाही. एक खोच मात्र आहे. उतरवून घेतलेले बरेच नमुने अमेरिकी लेटर आकाराचे असतात, 21.59 सेंटिमीटर रुंद. तुम्ही ए-फोर केलंत की टॅब होता तिथेच राहतो आणि तारखा समासात घुसतात. म्हणून कागदाचा आकार सगळ्यात आधी ठरवा. ए-फोर लेटरपेक्षा पावणेदोन सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे तीनेक ओळी फुकट मिळतात. हिला त्यातल्या तीन मिळाल्या. पाचपैकी दोन राहिल्या.

त्या दोन ओळींसाठी तिने फॉन्ट 9 केला होता. करू नका. आधी क्रम बघा, क्रम लावताना जागा आपोआप सापडते. हिच्या पानावर सगळ्यात वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’च्या तीन ओळी होत्या, ज्या वर्गातल्या कुणाच्याही रेझ्युमेवर चालल्या असत्या. सगळ्यात खाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, छंद आणि ‘आय हिअरबाय डिक्लेअर’, ठिकाण, सही. हा बायोडेटाचा वारसा. अर्जात कुणी मागितलं तर जरूर द्या, खाजगी कंपनीच्या रेझ्युमेला त्याची गरज नसते. ते काढलं आणि दहा ओळी सुटल्या.

फ्रेशरने शिक्षण वर ठेवावं, कारण अजून तीच तुमची मुख्य ओळख आहे. त्याखाली हिच्याकडे स्किल्स, मग प्रोजेक्ट्स आणि तळाशी इंटर्नशिप होती. मी इंटर्नशिप प्रोजेक्ट्सच्या वर नेली, कारण तिथे तिने खऱ्या ग्राहकांच्या तक्रारी हाताळल्या होत्या. नुसतं प्रमाणपत्रापुरतं ऑनलाइन काही केलं असतं तर खालीच ठेवलं असतं. प्रत्येक भागात ताजं वर. हिच्या शिक्षणात दहावी आधी आणि पदवी शेवटी होती, तर प्रोजेक्ट्समध्ये उलट. एकाच पानावर काळ दोन दिशांना वाहत होता.

मागून कुणीतरी विचारतंय, दहावी-बारावी काढून टाकू का? कॅम्पसला नाही. ‘दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे 60 टक्के’ अशी अट कंपन्या घालतात आणि चाळणी लावणारा तेच शोधतो. पण प्रत्येकी एकच ओळ. आणि डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी पदवीची तीनच वर्षं लिहा, 2022 ते 2025. चार करून दाखवलीत तर पहिलं वर्ष डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षावर चढतं, आणि तेवढं वजाबाकी न करताही दिसतं.

तुमचा रेझ्युमे आणलाय ना? द्या इकडे, तोच लावू पडद्यावर. आधी Ctrl+Shift+8.