छप्पर एक, बिले दोन

समोर बरेचसे वाचनालयांचे आणि शाळांचे कार्यवाह बसलेले दिसतात, म्हणून खर्चाला मंजुरी कोणी द्यायची याचे उदाहरण कौलारू छपराचेच घेतो. समजा, फोंड्यातल्या एका वाचनालयाच्या अंदाजपत्रकात इमारत दुरुस्तीसाठी 2,00,000 रुपये ठेवले आहेत. अंदाजपत्रकाला आर्थिक अधिकारांचा तक्ता जोडला आहे. खर्चाला कार्यवाहांनी 25,000 पर्यंत मंजुरी द्यावी, अध्यक्षांनी 50,000 पर्यंत, कार्यकारिणीने 1,00,000 पर्यंत आणि त्यापुढे सर्वसाधारण सभेने.

इथे पहिला घोळ होतो. ‘तरतूद आहे ना, मग करा खर्च,’ असे सर्रास म्हटले जाते. तरतूद म्हणजे पैसे कुठल्या कामासाठी आणि किती ठेवले आहेत एवढेच. ते खर्च करायचे की नाही, हे कोणी ठरवायचे ते तक्ता सांगतो.

आता मे महिना आला. कौलांचे 46,000 रुपये, तर वासे, रिपा आणि सुताराची मजुरी मिळून 38,000. व्यापारी वेगळा, सुतार वेगळा, म्हणून दोन आदेश निघाले आणि दोन्हींवर अध्यक्षांनी सही केली. प्रत्येक आकडा त्यांच्या मर्यादेत आहे. पण छप्पर एकच आहे, काम एकच आहे आणि खर्च 84,000 आहे. ही मंजुरी कार्यकारिणीचीच हवी होती. वरच्या मंजुरीची गरज टाळण्यासाठी मागणीचे तुकडे करू नयेत, असे केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला 157 वा नियम वस्तूखरेदीबाबत स्पष्ट सांगतो. तो नियम सरकारी कार्यालयांसाठी आहे, पण आपणही तो पाळावा असे माझे ठाम मत आहे. अशा वेळी हेतू बहुधा वाईट नसतो, बिले वेगळी म्हणून मंजुरीही वेगळी घेतली जाते. पण लेखापरीक्षक पाहतो ते लागोपाठच्या तारखा, एकच कारण आणि मर्यादेच्या जरा खाली थांबलेली रक्कम.

पुढचा पेच अधिक अवघड आहे. कार्यकारिणीने 84,000 मंजूर केले, कौले उतरवली आणि मुख्य तुळईच कुजलेली निघाली. आणखी 22,000 लागणार. हे तर कार्यवाहांच्याच अधिकारात बसते, असे वाटेल. बसत नाही. एकूण काम आता 1,06,000 चे झाले, म्हणजे प्रश्न सर्वसाधारण सभेचा. आणि जूनचा पाऊस सभेच्या नोटिशीची मुदत संपेपर्यंत थांबत नाही! पुस्तके भिजू देणे कोणालाच परवडणार नाही.

म्हणून तक्त्याखाली तीन वाक्ये हवीतच. मर्यादा एका कामाच्या करासहित एकूण खर्चाला लागू आहे, एकेका बिलाला नाही. खर्च वाढला तर सुधारित एकूण रकमेवरून मंजुरी कोणाची ते ठरेल. आणि तातडीच्या वेळी अध्यक्षांनी किती रकमेपर्यंत काम सुरू करावे, कारण कुठे नोंदवावे आणि किती दिवसांत कार्योत्तर मंजुरी घ्यावी. हे तिसरे वाक्य नसेल, तर छपरावर ताडपत्री घालण्यापुरता खर्च आपल्या अधिकारात करा आणि त्याच दिवशी विशेष सभेची नोटीस काढा.