व्याज गेलं कुठे?

(एका महाविद्यालयाच्या वाणिज्य मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मी पतसंस्थेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली, त्यामुळे घरात कुणी हप्त्याने काही घेतलं की कागद आधी माझ्याकडे येतो. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने गेमिंग कन्सोल घेतला. किंमत ५४,००० रुपये, क्रेडिट कार्डावर ९ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय, हप्ता ६,०००. मला फोन करून म्हणाला, "मावशी, नऊ सक चोपन्न. व्याज शून्य. आता बोल!" मी म्हटलं, पहिलं बिल येऊ दे.

पहिलं बिल आलं ६,३४९ रुपयांचं. पठ्ठ्याला वाटलं बँकेची काहीतरी चूक झाली.

चूक नव्हती. नो-कॉस्टमध्ये बँक व्याज सोडत नाही. तिचा दर या व्यवहारात वर्षाला १५ टक्के होता आणि तो तिने पुरता लावला. होतं असं, की नऊ महिन्यांचं व्याज जेवढं होणार तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी किमतीतून आधीच वजा करते. इथे ती ३,२२६ रुपये होती. म्हणजे बँकेने कर्ज दिलं ५०,७७४ रुपयांचं. त्यावर १५ टक्क्यांनी व्याज चढवलं की नऊ हप्त्यांची बेरीज बरोबर ५४,०००. दुकानाच्या स्क्रीनवर हे "ईएमआय व्याज सवलत" अशा एखाद्या ओळीत असतं. आपण ती ओळ वाचत नाही, कारण खालचा आकडा मनासारखा जुळलेला असतो.

मग वरचे ३४९ कुठून आले? २३५ रुपये प्रोसेसिंग फी, म्हणजे १९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. उरले ११४. तो व्याजावरचा जीएसटी. पहिल्या महिन्याचं व्याज ६३५ रुपये, त्याचे १८ टक्के. साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, पण क्रेडिट कार्डाच्या व्याजाला ती माफी नाही. विक्रेत्याने तुमचं व्याज भरून काढलं, त्यावरचा कर भरून काढला नाही. तो दर महिन्याला तुमच्या बिलात येतो, मुद्दल फिटत जाईल तसा कमी होत. दुसऱ्या महिन्यात १०२, शेवटच्यात फक्त १३. नऊ महिन्यांत ५८१ रुपये कर आणि २३५ फी, मिळून ८१६.

आता खरं बोलायचं तर ८१६ रुपये काही फार नाहीत. ५४,००० हीच जर रोखीचीही किंमत असेल, तर हे कर्ज वर्षाला साडेतीन-पावणेचार टक्क्यांनी पडलं. मुदत ठेवीवर याहून जास्त मिळतं. असं कर्ज मिळालं तर मी स्वतः घेईन. नो-कॉस्ट म्हणजे फसवणूकच, असं सांगणाऱ्यांच्या पंथातली मी नाही.

पण "रोखीचीही किंमत तीच असेल तर" हे वाक्य तपासायला हवं, आणि सगळी मेख तिथेच आहे. त्याच दिवशी, त्याच पानावर, त्याच कार्डावर एकरकमी पैसे भरले तर ३,००० रुपयांची तत्काळ सूट होती. ईएमआयला ती लागू नव्हती. म्हणजे कन्सोल ५४,०००चा नव्हताच. हातात पैसे असणाऱ्याला तो ५१,०००ला मिळत होता. भाच्याने एकूण भरले ५४,८१६. उधारीची किंमत झाली ३,८१६ रुपये.

इथे आमची मुलं पटकन भाग देतात: ३,८१६ भागिले ५१,०००, साडेसात टक्के, ठीक आहे की! नाही. ५१,००० रुपये त्याच्याकडे नऊ महिने कुठे होते? पहिल्या महिन्यानंतर हप्ता गेला, दुसऱ्यानंतर आणखी एक. सरासरी काढली तर त्याने जेमतेम २८,००० रुपये वापरले, तेही पाऊण वर्ष. त्या हिशेबाने दर येतो सुमारे १८ टक्के. बँकेने सांगितलेल्या १५ पेक्षाही जास्त, आणि पाटीवर नो-कॉस्ट!

कधी याच्या उलटही असतं. ईएमआयवर जास्त सूट आणि एकरकमीला काही नाही, असंही पान मी पाहिलंय. म्हणून नियम पाठ करू नका. खरेदीच्या शेवटच्या पायरीवर पैसे भरण्याचे दोन्ही पर्याय एकेकदा निवडून पाहा आणि दोन्हीकडची अंतिम रक्कम कागदावर लिहा, ईएमआयच्या रकमेत फी आणि जीएसटीही मिळवून. फरक म्हणजे व्याज, मग त्याला तिथे काहीही नाव दिलेलं असो.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच परिपत्रक काढून सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वात नाही, आणि कार्डावरच्या अशा योजनांत व्याज पुष्कळदा प्रोसेसिंग फीच्या आड लपवलेलं असतं.

कार्ड नसणाऱ्यांची गोष्ट वेगळी. दुकानात टेबल टाकून बसलेला फायनान्सवाला किंवा मोबाइलमधलं "आता घ्या, नंतर भरा" अ‍ॅप. तिथे ऐकू येतं, "सर, वर्षाला फक्त बारा टक्के फ्लॅट." फ्लॅट या शब्दावर थांबा. ५४,००० वर १२ टक्के म्हणजे ६,४८०. बेरीज करून बाराने भागलं की हप्ता ५,०४०. व्याज पूर्ण वर्षभर पूर्ण ५४,००० वर धरलंय, तुम्ही मात्र दर महिन्याला मुद्दल परत करताय. घटत्या शिलकीवर मांडलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. आमच्या संस्थेत एक साधा अडाखा होता: वर्षभराच्या कर्जाचा खरा दर फ्लॅट दराच्या दुपटीहून थोडा कमी धरायचा.

अ‍ॅपवरच्या कर्जासाठी एक सोय आहे. २०२२ च्या डिजिटल कर्जविषयक नियमांपासून, करार करण्याआधी मुख्य तथ्यांचं एक पत्रक देणं बंधनकारक आहे आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो. इंग्रजीत त्याला एपीआर म्हणतात. हप्त्याचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, हा दर खाली कुठेतरी. अंगठा तिथपर्यंत सरकवा.

(श्रोत्यांतून प्रश्न: हप्ता चुकला तर?)

कार्डावर असेल तर दंड तर आहेच, पण त्याहून वाईट वेगळं. बिल पूर्ण भरलं नाही की कार्डावरच्या बाकीच्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. किराणा, पेट्रोल, सगळ्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज सुरू होतं. कन्सोलचा हप्ता चुकतो आणि व्याज डाळ-तांदळावर चढतं.

(प्रश्न: मग भाच्याने काय करायला हवं होतं?)

त्याच्याकडे तेव्हा ३०,००० साठलेले होते. बहिणीकडून २१,००० उसने घेऊन एकरकमी घेतला असता, तर ५१,००० मध्ये सुटला असता. मी तसं म्हटलंही त्याला. तो म्हणाला, "मावशी, बँक निदान रोज जेवताना विचारत नाही."