मण्यारची खूण शोधत बसू नका

अकरा वर्षांची मुलगी पहाटे चारला पोट धरून उठली. एक उलटी झाली. घरच्यांना अपचन वाटलं. सहाच्या सुमारास तिच्या पापण्या मिटायला लागल्या, तेव्हा झोप अपुरी झाली असेल म्हणून तिला पुन्हा झोपवलं. सातला पाण्याचा घोट गिळवेना आणि आवाज नाकातून येऊ लागला. आमच्याकडे आणली तेव्हा आठ वाजले होते. रात्री ती जमिनीवर झोपली होती, हे मी विचारल्यावर कळलं. दंशाची खूण आम्हालाही सापडली नाही.

मण्यारचं हे असंच असतं. दात बारीक, वेदना जवळजवळ नाही, सूजही नाही. त्यामुळे जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठला आणि डोळे उघडे ठेवता येईनात, तर सर्पदंशच समजा आणि निघा.

या विषाचं काम नसेच्या टोकाशी चालतं. नसेचा निरोप स्नायूला जिथून मिळतो ते टोकच ते मोडून टाकतं. प्रतिविष म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं. ती रक्तात फिरणारं विष पकडतात, पण मोडलेलं टोक जोडू शकत नाहीत. ते नव्यानं वाढायला दिवस, कधी आठवडे जातात, आणि तोवर श्वास यंत्रानं द्यावा लागतो. तिला प्रतिविष लगेच दिलं, तरी चार दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. दोन तास आधी आली असती तर कदाचित इतके दिवस लागले नसते.

प्रतिविष घरी का देत नाहीत, असं मला नेहमी विचारतात. त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळते. म्हणून ते सलाइनमधून देताना ॲड्रेनॅलिन हाताशी भरून ठेवावं लागतं. आणि मुलांना डोस कमी नसतो, कारण साप माणूस बघून विष कमी सोडत नाही.

मग घरी काय करायचं? अंगठ्या-बांगड्या काढा, चावलेला हात किंवा पाय माहीत असेल तर मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी लावा, रुग्णाला चालवू नका. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर झोपवा, म्हणजे लाळ श्वासनलिकेत जाणार नाही. आवळून दोरी, चिरा देणं, चोखणं, झाडपाला, यातलं काहीच नको. दोरी आधीच आवळली असेल तर वाटेत एकदम सोडू नका. ते डॉक्टरांसमोर होऊ दे. सापामागे तर धावूच नका, मेलेल्या सापाचं डोकंही चावू शकतं.

वाटेत श्वास थांबला तर तोंडानं श्वास देत राहा. असा रुग्ण हलत नाही, डोळे उघडत नाही, बाहुल्याही कधीकधी विस्फारलेल्या असतात, आणि तरीही त्याला सगळं ऐकू येत असतं. त्या मुलीनं नंतर मला सांगितलं, ‘तुम्ही बाहेर माझ्या आईशी बोलत होतात ना, ते मी ऐकलं.’