कार्डावरचे अंगठे

नमस्कार मंडळी.

दादा, वहिनी, तुम्ही पुढच्या रांगेत बसा बघू. आजचा मान तुमचा आहे.

दादा आणि मी एकाच छापखान्यात. ते ऑफसेट मशीनवर, मी त्यांच्या आधीच्या टप्प्यावर, म्हणजे मजकूर आणि चित्रं छपाईसाठी तयार करून प्लेटा काढण्याच्या विभागात. एकतीस वर्षं काम करून दादा गेल्या महिन्यात निवृत्त झाले. त्या दिवशी मी रजेवर होते. मशीनवरच्या मंडळींनी त्यांना सह्यांचं एक मोठं कार्ड दिलं, सगळं जर्मनमध्ये. वहिनी म्हणाल्या, "त्यात काय काय लिहिलंय ते मंडळात सगळ्यांना कळू दे. भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही कळू दे." त्यांनी दादांच्या नकळत कार्डाचा फोटो काढून मला पाठवला. म्हणून आजचं हे निरोपाचं भाषण थोडं माझं आणि बरंचसं त्या कार्डाचं आहे.

पहिल्या फोटोतून निम्मंसुद्धा वाचता येईना. कार्ड गुळगुळीत, चकाकणारं. फ्लॅशचा पांढरा डाग नेमका मधल्या तीन संदेशांवर पडलेला. मी वहिनींना सांगितलं, फ्लॅश बंद करा, कार्ड खिडकीजवळ सपाट ठेवा म्हणजे उजेड बाजूने येईल, आणि एकच फोटो न काढता चार कोपऱ्यांचे चार काढा. ते आले आणि पेन्सिलीने लिहिलेला एक ओझरता संदेशही दिसायला लागला. मग कडेला काळे डाग होते, ते मी कापून टाकले. मला वाटलं, हाताळताना कार्ड मळलं असेल. हे डाग लक्षात ठेवा, त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे.

अर्थ लावायला मी लगेच बसले नाही. आधी प्रत्येक ओळ जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली, अक्षर लागलं नाही तिथे टिंबं टिंबं ठेवली. हा क्रम मी मुद्दाम पाळते. वाचता वाचता मनात भाषांतर सुरू झालं की आपल्याला हवा तो शब्द दिसायला लागतो, आणि कागदावर काय आहे ते बाजूला राहतं. एका ओळीत नेमकं तेच होता होता राहिलं.

जर्मनमध्ये कुणाला यश चिंतायचं तर 'तुझ्यासाठी अंगठे दाबतो' असं म्हणतात. अंगठा मुठीच्या आत घ्यायचा आणि बोटांनी घट्ट दाबून धरायचा. हा 'दाबणे' म्हणजे द्र्युकन. त्यातल्या 'यू' अक्षरावर दोन टिंबं असतात. तीच टिंबं काढली की होतं द्रुकन, म्हणजे छापणे. मुळात दोन्ही शब्द एकच; दाबल्याशिवाय छपाई कुठली?

कार्डाच्या मधोमध मोठ्या अक्षरात ही ओळ होती, आणि त्या 'यू'वर टिंबं नव्हती, नुसती एक आडवी रेघ होती. हाताने घाईत लिहिताना बरेच जण दोन टिंबांऐवजी अशी रेघ ओढतात. म्हणून मी वहीत 'दाबतो' लिहून मोकळी झाले. नेहमीचीच शुभेच्छा, पुढे चला.

रात्री पुन्हा वाचताना त्याच ओळीतला 'उंट' हा शब्द डोळ्यांत आला. उंट म्हणजे आपलं 'आणि'. त्यातल्या 'यू'वर टिंबं कधीच नसतात, तरी तिथेही रेघ होती. खालच्या ओळीत 'त्सुम' होतं, तिथेही रेघ. तेव्हा उलगडलं. जुन्या वळणाचं जर्मन हस्ताक्षर लिहिणारी माणसं प्रत्येक 'यू'वर रेघ देतात, कारण घाईच्या लिहिण्यात 'यू' आणि 'एन' सारखेच दिसतात आणि ती रेघ त्यांना वेगळं करते. मग याच हाताने खरी टिंबं कशी दिली आहेत ते शोधलं. 'फ्युअर' या शब्दावर दोन ठळक, सुटी टिंबं होती. म्हणजे या माणसाची टिंबं वेगळी आणि रेघ वेगळी, आणि आपल्या ओळीत रेघ आहे. शब्द होता द्रुकन. "आम्ही तुझ्यासाठी अंगठे छापतो."

आता हे काय, असं मलाही वाटलं. छापखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाकडून ही शुद्धलेखनाची चूक व्हायची नाही. मी वहिनींचा मूळ फोटो पुन्हा उघडला, न कापलेला. कडेचे ते काळे डाग मोठे करून पाहिले. डागांमध्ये बारीक वळसे होते. मंडळी, ते अंगठ्यांचे ठसे होते. मशीनची काळी शाई अंगठ्याला लावून एकोणीस जणांनी कार्डाच्या चारी बाजूंनी ठसे उमटवले होते. शब्दावरची कोटी आणि कडेचे ठसे मिळून एकच संदेश होता, आणि त्यातला अर्धा मी मळ समजून कापून फेकला होता.

दुसऱ्या दिवशी ती ओळ लिहिणाऱ्या फोरमनला मी फोन केला. तो म्हणाला, "हो, छापतोच म्हटलंय. दुसरं काय म्हणणार आम्ही?"

कोटी कळली, पण मराठीत आणायची कशी? 'आम्ही अंगठे दाबतो' म्हटलं तर आपल्याला काहीच बोध होत नाही. 'अंगठे दाखवतो' म्हटलं तर विपरीतच, कारण आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे ऐन वेळी हात वर करणं. 'अंगठे उठवले' म्हणावं तर 'अंगठाछाप' आठवतो, आणि ही तर उभं आयुष्य अक्षरं छापणारी माणसं. दोन दिवस ही ओळ घेऊन मी हिंडत होते. शेवटी आपल्या जुन्या दस्तऐवजांतली अंगठ्याची निशाणी आठवली. कागदावर अंगठा उमटवला की शब्द दिला, तो आता मोडायचा नाही. तो धागा धरून मी असं केलं:

"तुझं सगळं चांगलं व्हावं, हे आम्ही अंगठ्यानिशी छापून देतो."

मुठीत दाबलेला अंगठा यात सुटला, हे मला कबूल आहे. छपाई राहिली, ठसे राहिले आणि शब्द दिल्याची भावना राहिली.

दुसरी अडचण प्रत्येक ओळीत होती. जर्मनमध्ये जवळच्याला 'डू' आणि परक्याला किंवा मान देताना 'झी'. वरवर आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखंच. पण तिथे मशीनवर सगळे एकमेकांना 'डू' म्हणतात, तिशीतला पोरगा साठीच्या माणसालाही. ते सगळे 'तू' मी इथे सरळ वाचले असते तर आजोबा मंडळींना वाटलं असतं, काय ही माणसं, वयाचा मान नाही! आणि सगळीकडे 'तुम्ही' केलं असतं तर एकतीस वर्षांची सलगी एका शब्दात पुसली गेली असती. उत्तर आपल्याच घरात सापडलं. थोरल्या भावाला आपण 'दादा' म्हणतो आणि 'तू'ही म्हणतो, त्यात मान आणि माया दोन्ही येतं. म्हणून जिथे 'डू' आहे तिथे मी "दादा, तू" असं घेतलं आहे.

एक संदेश दादांच्या शेजारच्या मशीनवर वीस वर्षं उभ्या असलेल्या माणसाचा आहे. त्याने लिहिलंय, "एन्टलिश झिंट वीर डिश लोस." शब्दकोश घेऊन बसलं तर हा चक्क अपमान आहे: अखेर तुझ्यापासून सुटका झाली. पण खाली सही करताना त्याने लिहिलंय, सोमवारी सकाळी कुणाशी भांडू ते सांग. त्यामुळे हे ओझं मी आपल्या नेहमीच्या शब्दांवर टाकलं: "सुटलो रे बाबा एकदाचे!" हे कुणाला म्हणतात ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आणखी एक ओळ पक्की छापखान्याची आहे. "तुझ्या हाताखाली पासर कधी चुकला नाही." चार रंग एकावर एक छापतात, निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. चारही अचूक जागच्या जागी बसले की त्याला पासर म्हणतात. केसभर सरकले की अक्षराच्या कडेला रंगाची झालर दिसते आणि चेहऱ्यांना जणू दोन-दोन ओठ येतात. दादा मशीनमधून ताव ओढायचे, टेबलावर पसरायचे आणि छोटं भिंग ठेवून त्यावर वाकायचे. मी प्लेटा घेऊन जायचे तेव्हा कितीदा असं वाकलेलं पाहिलंय त्यांना, एक डोळा मिटलेला, श्वास रोखलेला. मग म्हणायचे, "काळा थोडा वर घे." बाकी आम्हा कुणाला काही दिसलेलंही नसायचं. ही ओळ मी अशी केली: "दादा, तुझ्या हाताखाली चारही रंग नेहमी आपापल्या जागी बसले."

आता तो पेन्सिलीचा संदेश. कार्डावर सगळ्यांनी 'डू' लिहिलंय, या एकाच ठिकाणी 'झी' आहे. आधी वाटलं, ऑफिसातल्या कुणी साहेबांनी औपचारिक लिहिलं असेल. सही लागत नव्हती, म्हणून फोरमनलाच विचारलं. ती गेल्या वर्षी शिकायला आलेली एकोणीस वर्षांची मुलगी निघाली. दादांनी तिला अनेकदा सांगितलं होतं, मलाही 'डू' म्हण. तिला शेवटपर्यंत जमलं नाही. म्हणून कार्डावरच्या या एकाच ओळीत मी 'तुम्ही' ठेवलंय. तिने लिहिलंय:

"तुम्ही मला बघायला शिकवलंत."

सुरुवातीला मी 'छपाई तपासायला शिकवलंत' असं लिहिलं होतं. वाक्य सोपं होत होतं. पण तिने तसं लिहिलेलं नाही. तिने नुसतं 'बघणं' लिहिलंय, म्हणून माझा शब्द खोडला.

कार्डावर एक संदेश आहे जो मी आज वाचणार नाही. तो फक्त दादांसाठी लिहिलेला आहे आणि ज्याने लिहिला त्याची तशी इच्छा आहे. दादा, त्याचं मराठी मी वेगळ्या पाकिटात घातलंय, घरी गेल्यावर वाचा.

बाकी सगळे संदेश, मूळ आणि मराठी शेजारी-शेजारी, या तावावर आहेत. आपल्याच मशीनवर छापून आणलाय. काळा थोडा वर घेतलाय.

आणि वहिनी, ते मूळ कार्ड जरा पुढे आणता का? ठसे एकोणीस आहेत, मी मोजले. खाली उजव्या कोपऱ्यात अजून एका अंगठ्यापुरती जागा मोकळी आहे. शाई मी बरोबर आणली आहे.